कमकुवत कोपऱ्यातच नोड ठेवला होता, तिथेच चुकलं: तीन मजल्यांच्या घरात मेश वायफाय बसवताना

आमचं घर तळमजला आणि वर दोन मजले असं आहे. नेटची फायबर लाईन तळमजल्यावर हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात येते, म्हणजे घराच्या अगदी एका टोकाला. मी काम करतो ती खोली दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, आणि आईची खोली तळमजल्यावरच पण मागच्या कोपऱ्यात, मध्ये दोन भिंती आणि एक मोठं लोखंडी कपाट. या दोन ठिकाणी नेट कधीच धड चालत नव्हतं. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये तेवढं मिळायचंही, पण माझ्या खोलीत मीटिंग चालू असताना आवाज तुटायचा आणि आईचा व्हिडिओ कॉल तर दर दोन मिनिटांनी गोठायचा. म्हणून तीन नोडचा मेश सेट घेतला, म्हणजे एकच वायफाय मिळून घरभर पसरवणारे तीन डबे, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा, वायफाय ६ वाला.

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. मुख्य नोड हॉलमध्ये फायबरच्या बॉक्सशेजारी, दुसरा पहिल्या मजल्यावर मागच्या बेडरूममध्ये, तिसरा माझ्या खोलीत टेबलावर. विचार सरळ होता, जिथे रेंज नाही तिथे नोड ठेवायचा. मोबाईलवर लगेच सगळ्या काड्या भरल्या, मला वाटलं काम झालं. स्पीड टेस्ट लावली तर १८ एमबीपीएस. परत लावली, २३. काड्या फुल आणि नेट रांगतंय, हे कोडं सुटायला मला दोन दिवस लागले आणि ते सुटलं की पुढचं सगळं आपोआप समजत जातं म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मोबाईलवर दिसतात त्या काड्या मोबाईल आणि जवळचा नोड यांच्यातल्या. तो नोड मुख्य नोडशी किती चांगला बोलतोय ते मोबाईलला कळायचं काहीच कारण नाही. नोडही वायफायवरच मुख्य नोडशी जोडलेला असेल तर त्या मागच्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात, आणि माझ्या खोलीत मुख्य नोडची रेंज नव्हती म्हणून तर मी तिथे नोड ठेवला होता ना, मग त्या नोडला तरी ती कुठून मिळणार. जे मोबाईलला ऐकू येत नाही ते नोडला थोडं बरं ऐकू येतं, त्याचे अँटेना मोठे असतात, पण स्लॅब त्यालाही तेवढाच आडवा येतो.

मग मोजायला सुरुवात केली. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझरसारखी अॅप्स डीबीएममध्ये आकडा दाखवतात, आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. ढोबळपणे उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत कॉल आणि व्हिडिओ बिनधास्त, उणे ७० च्या खाली गेलं की रडारड सुरू आणि उणे ८० म्हणजे नावापुरतं जोडलेलं. दर १० चा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दहापट कमी जास्त, हे लक्षात ठेवलं की ६५ आणि ७५ मधला फरक किती मोठा आहे ते जाणवतं. मी दोन्ही वरचे नोड बंद केले, फक्त मुख्य चालू ठेवला आणि मोबाईल नोडच्या जागी धरून फक्त ५ गिगाहर्ट्झचा आकडा पाहिला. बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर मोबाईल जवळच्या नोडचाच आकडा दाखवत राहतो.

हॉलपासून त्याच मजल्यावर सहा मीटरवर, मध्ये एक विटांची भिंत, तिथे उणे ५५. हॉलच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर, अंतर जेमतेम तीन मीटर, पण मध्ये सळयांचा स्लॅब, तिथे उणे ७२. म्हणजे निम्म्या अंतरावर सिग्नल १७ ने जास्त पडलेला. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या बेडरूममध्ये उणे ७९ आणि माझ्या खोलीत तर मुख्य नोडचं नाव यादीत येऊन जाऊन असायचं. आणि हे सगळीकडे सारखं नव्हतं, जिन्याच्या पहिल्या मजल्यावरच्या लँडिंगला उभा राहिलो तर उणे ६१! कारण जिन्याच्या जागी स्लॅबला भोकच असतं, सिग्नल तिथून मोकळा वर येतो. ज्याच्या घरात जिना आतून आहे त्याने पहिला नोड कुठे ठेवायचा याचा विचार जिन्यापासून सुरू करावा असं माझं ठाम मत आहे.

दुसरा नोड लँडिंगवर हलवला, तिसरा माझ्या खोलीच्या दाराबाहेर जिन्याच्या टोकाशी. माझ्या खोलीत आता टेबलावर काड्या आधीपेक्षा एकने कमी, पण स्पीड ८० च्या आसपास. तारेशिवाय बसवणार असाल तर एवढं एकच धरून ठेवा, नोड कमकुवत जागेत ठेवायचा नसतो, चांगली जागा आणि कमकुवत जागा यांच्या मध्ये, जिथे मागच्या नोडचा आकडा अजून उणे ६५ च्या आत आहे तिथे ठेवायचा.

पण ८० वर मी थांबलो नाही कारण संध्याकाळी सगळे घरी असले की ते ८० चे ३० व्हायचे आणि पिंग उड्या मारायचा. याचंही कारण जागेत नव्हतं. ड्युअल बँड सेटमध्ये ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ बॅकहॉलही सांभाळतो आणि मोबाईल लॅपटॉपही. मुख्य नोडने दुसऱ्याला डेटा दिला, दुसऱ्याने तोच तिसऱ्याला, तिसऱ्याने तोच माझ्या लॅपटॉपला, आणि हे तिन्ही एकाच चॅनलवर, एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. म्हणजे एकच पुडकं तीनदा हवेत जातं, सगळे सिग्नल उत्तम असले तरी वेग तिसऱ्या हिश्श्यावर येणार. तिसरा वेगळा बँड बॅकहॉलसाठी राखलेले ट्राय बँड सेट असतात त्यात हे बरंच सुधारतं, पण स्लॅब त्यांनाही चुकत नाही. दोन स्लॅब ओलांडायचे असतील तर तार हवीच.

तार न्यायची कशी हा खरा प्रश्न, भिंती फोडायला घरात कुणीच तयार नव्हतं. बहिणीने आठवण करून दिली, "दादा, टीव्हीची जुनी केबल गच्चीवरून खाली हॉलपर्यंत भिंतीतूनच गेली आहे ना, तिचा पाईप रिकामाच पडलाय." प्रत्येक मजल्यावर तिचा एक बॉक्सही होता. जुन्या केबलचाच दोरीसारखा वापर केला. वरच्या टोकाला दोन कॅट ६ केबल बांधल्या, पण दोन्ही एकाच ठिकाणी बांधल्या नाहीत, एक वीतभर मागे घेऊन बांधली म्हणजे गाठ जाड होत नाही आणि वळणावर अडकत नाही, वरून चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळली, मग मी खालून ओढायचं आणि बहिणीने वरून केबल सैल सोडत जायचं. पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकलीच, थोडी मागे घेऊन परत ओढल्यावर सुटली. जोर लावून हिसका द्यायचा नाही, आतल्या जोड्या ताणल्या जातात आणि बाहेरून काही कळत नाही. एक केबल पहिल्या मजल्याच्या बॉक्समधून बाहेर काढली, दुसरी दुसऱ्या मजल्यावर. दोन्ही थेट तळमजल्यापासून वेगळ्या, एकातून दुसरी अशी साखळी नाही, म्हणजे मधला नोड बंद पडला तरी वरचा चालू राहतो.

केबल घेताना एवढं बघा की आतली तार पूर्ण तांब्याची आहे, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली नको, ती वाकवताना तुटते आणि टोकं नीट धरत नाहीत. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, माझी लांब केबल अठरा मीटरची होती, त्यामुळे कॅट ६ गरज म्हणून घेतली नाही, पाईपमध्ये परत हात घालायचा नव्हता म्हणून घेतली. आणि विजेच्या तारांच्या पाईपमधून ही केबल नेऊ नका, जागा असली तरी नको.

तार लावल्यावर दोन गडबडी झाल्या, दोन्ही ओळखायच्या कशा ते सांगतो.

पहिली, वरच्या नोडची केबल मी फायबर कंपनीच्या बॉक्सच्या मोकळ्या पोर्टमध्ये घातली, कारण तो हाताशी होता. मुख्य नोडही त्याच बॉक्सला जोडलेला आणि राउटर म्हणून चालू. मेशच्या अॅपमध्ये वरचा नोड अजूनही वायरलेसच दिसत होता आणि तासाभरात घरात गोंधळ, काही मोबाईलना नेट आहे काहींना नाही, प्रिंटर गायब. मोबाईलचा आयपी पत्ता पाहिल्यावर कळलं, काहींना 192.168.0 ने सुरू होणारा पत्ता मिळालेला आणि काहींना 192.168.1 ने. म्हणजे दोन वेगवेगळी यंत्रं पत्ते वाटत होती, वरच्या नोडने तारेने एका बाजूला आणि हवेतून दुसऱ्या बाजूला हात धरून दोन्ही जाळी एकमेकांत मिसळली होती. क्रम असा हवा: फायबरचा बॉक्स, त्याला मुख्य नोड, मुख्य नोडला स्विच म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, आणि स्विचमधून बाकीच्या नोडच्या केबल. मुख्य नोडच्या आधी कुठेही शाखा काढायची नाही. कंपनीच्या बॉक्सचं स्वतःचं वायफायही बंद करून टाकलं, ते उगाच एक चॅनल अडवून बसलं होतं. क्रम बदलून सगळं एकदा बंद चालू केल्यावर अॅपमध्ये दोन्ही नोडपुढे इथरनेट असं आलं. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, केबल खोचली म्हणजे ती वापरात आलीच असं नसतं.

दुसरी गडबड जास्त फसवी होती. पहिल्या मजल्यावर मस्त ३०० येत होते आणि माझ्या खोलीत बरोब्बर ९४. दहा वेळा लावली टेस्ट, ९३, ९४, ९४. वायफाय कमजोर असतं तेव्हा आकडा असा एका जागी बसत नाही, वर खाली होत राहतो. आकडा ९४ ला खिळला की समजायचं तार १०० च्या वेगावर जोडली गेली आहे, वरचे सहा ते ओव्हरहेडमध्ये जातात. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त दोन पुरतात, त्यामुळे एखादी जोडी नीट बसली नसेल तर यंत्रं भांडत नाहीत, गुपचूप १०० वर उतरतात. नोडची केबल काढून लॅपटॉपला लावली, तिथेही लिंक 100 Mbps दाखवली, म्हणजे नोड निर्दोष, तारेतच घोळ. भिंतीतला सॉकेट उघडला तर तपकिरी तार खाचेत अर्धवट बसलेली. परत दाबून बसवली आणि दुसऱ्या टोकाला रंगांचा क्रमही तपासला, दोन्हीकडे तोच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लिंक 1000 झाली.

घरातला वेग मोजायला इंटरनेटची स्पीड टेस्ट पुरत नाही, ती ३०० ला अडते आणि आतली अडचण झाकली जाते. एक जुना लॅपटॉप तळमजल्यावर स्विचला तारेने जोडून ठेवला आणि घरातल्याच दोन यंत्रांमधला वेग मोजणारं iperf3 वापरलं. त्या लॅपटॉपवर पहिली ओळ, हातातल्या लॅपटॉपवर पुढच्या दोन, त्यातला 192.168.0.20 हा जुन्या लॅपटॉपचा पत्ता, तिथे तुमचा घालायचा, शेवटची उलट दिशेचा वेग मोजते:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.0.20 -t 30
iperf3 -c 192.168.0.20 -t 30 -R
```

तारेने थेट ९४० आले, माझ्या खोलीत वायफायवरून सहाशेच्या आसपास.

आता गंमत अशी की तार आल्यावर नोडच्या जागेचा नियम उलटा होतो. आधी मागच्या नोडचा सिग्नल चांगला असेल तिथे ठेवायचा होता, आता मागचा नोड हवेतून ऐकू येण्याची गरजच नाही, त्यामुळे ज्या कमकुवत कोपऱ्यात पहिल्या दिवशी ठेवला होता तिथेच आता तो योग्य. वरचा नोड परत माझ्या खोलीत आणला. आणि आईच्या खोलीसाठी हेच मुख्य नोडला लागू केलं, तो फायबरच्या बॉक्सला चिकटून असायलाच हवा असा काही नियम नाही, आठ मीटरची केबल छताच्या कडेने नेऊन त्याला तळमजल्याच्या मधल्या पॅसेजमध्ये उंचावर ठेवला, स्विचही तिथेच नेला. लोखंडी कपाट आता वाटेत येत नाही, आईच्या पलंगाशी उणे ७६ चे उणे ५८ झाले. चौथा नोड लागलाच नाही.

मग चॅनल. हवेतला बॅकहॉल असताना सगळ्या नोडना एकाच चॅनलवर राहावं लागतं, नाहीतर ते एकमेकांशी बोलणार कसे. तार असेल तर हे बंधन सुटतं, पण सगळे सेट ती मोकळीक देत नाहीत, बऱ्याच अॅपमध्ये चॅनल बदलायची सोयच नसते, घेण्याआधी बघून घ्या. माझ्यात प्रत्येक नोडला वेगळा देता येतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर न चढणारे, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, तीन मजल्यांना तीन वाटून दिले. इथे ४० ची रुंदी ठेवायचा मोह होतो, पण तेवढ्यात तीनपैकी दोन चॅनल व्यापले जातात आणि शेजाऱ्यांशी टक्कर होते. कुणी ३ किंवा ४ मोकळा दिसतो म्हणून घेतं तेही नको, ४ वर बसलं तर १ आणि ६ दोघांचाही गोंगाट ऐकावा लागतो.

५ गिगाहर्ट्झवर ८० ची रुंदी हवी असेल तर ३६ ते ४८ हा एक गट आणि १४९ ते १६१ हा दुसरा, मधले गट रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. तीन नोड आणि दोन गट, म्हणून मी आधी वरच्या नोडला मधला १०० चा गट दिला, अॅनालायझरमध्ये तिथे कुणीच नव्हतं. दोन दिवसांत दोनदा असं झालं की ५ गिगाहर्ट्झ अचानक गायब, लॅपटॉप २.४ वर जाऊन मीटिंग तुटलेली. लॉगमध्ये रडार सापडल्याची नोंद होती. तसा संशय जरी आला तरी राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि त्या पट्ट्यातला दुसरा चॅनल घ्यायचा तर निदान एक मिनिट नुसतं ऐकत गप्प राहावं लागतं. काही ठिकाणी महिनोन्महिने काही होत नाही, पण ज्या खोलीत कामाचे कॉल चालतात तिथे मला ते नको होतं. शेवटी तळमजला ३६, पहिला मजला १४९, दुसरा परत ३६. तळमजला आणि दुसरा मजला यांच्यात दोन स्लॅब आहेत, माझ्या खोलीत तळमजल्याचा नोड ऐकूच येत नाही, ज्या स्लॅबने आधी छळलं त्यानेच आता एकच चॅनल दोनदा वापरू दिला. १४९ वरची परवानगी आणि ताकद देशागणिक बदलते, म्हणून सेटिंगमध्ये देश बरोबर आहे ना ते पाहून घ्या.

एक तक्रार तरीही उरली. आई वरून खाली आली की तिचा मोबाईल वरच्याच नोडला चिकटून राहायचा आणि कॉल अडखळायचा. कुठल्या नोडवर जायचं हे मोबाईल ठरवतो, नोड नाही, नोड फार तर सुचवू शकतो. उदाहरणार्थ आयफोन सध्याचा सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा शोधायला लागतो. नोड पूर्ण ताकदीने ओरडत असेल तर जिन्यातही त्याचा आकडा उणे ६० असतो, मग मोबाईल कशाला हलेल. तिन्ही नोडची ताकद हाय वरून मिडीयम केली. सिग्नल कमी करून नेट सुधारतं हे ऐकायला विचित्र वाटतं पण मोबाईलचा स्वतःचा आवाज तसाही छोटाच असतो, नोड कितीही ओरडला तरी मोबाईलचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं. मोबाईलला नोड बदलायला मदत करणाऱ्या सेटिंगपैकी ८०२.११के आणि व्ही चालू केले, आर चालू केल्यावर जुना प्रिंटर जोडायलाच तयार होईना म्हणून तो बंद ठेवला. आता कॉल चालू असताना तीन मजले उतरलो तरी पहिल्या मजल्याच्या लँडिंगजवळ अर्धा सेकंद आवाज अडतो, बाकी काही नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा अजून उणे ७८ वर आहे, तिथे २.४ वर मेसेज येतात जातात, व्हिडिओ चालत नाही. तिथे नोड लावायचा तर केबल उघड्यावरून न्यावी लागेल, उन्हाला टिकणारं काळं आवरण, विजेपासून संरक्षण, सगळंच आलं, आणि चॅनल तिसऱ्यांदा वाटायचे. तिथे आम्ही कपडे वाळत घालायला जातो तेवढंच, म्हणून तो तसाच सोडला. स्विचशेजारी कोणती केबल कुठल्या मजल्याला जाते आणि कोणता नोड कुठल्या चॅनलवर आहे ते कागदावर लिहून चिकटवलंय, मागच्या महिन्यात फर्मवेअर अपडेटनंतर चॅनल परत ऑटोवर गेले होते तेव्हा तो कागद पाहून बहिणीनेच सगळं जागेवर आणलं.